हप्ते आले, पण विक्री कुठे? बिल्डरच्या ऑफिसात नव्याने बसणाऱ्या अकाउंटंटसाठी

बडोद्यात भायलीच्या बाजूला आमच्या कंपनीने 20 फ्लॅटची एक स्कीम बांधली. 2022 च्या पावसाळ्यात मी तिथे हिशेब लिहायला बसलो. त्याआधीची माझी नोकरी दांडिया बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे होती. तिथे बिल फाडलं की विक्री झाली. इथे पहिल्याच आठवड्यात बुकिंगचा चेक आला, मी तो सवयीने विक्रीत टाकला आणि ऑडिटरबाईंनी तो उलटवायला लावला. पुढे अडीच वर्षं शेठ मला एकच प्रश्न विचारत होते, "पैसे तर येतायत, मग विक्री शून्य कशी?"

तुम्हीही अशा खुर्चीत नवे असाल, तर खालच्या क्रमाने जा. एकच फ्लॅट धरून सगळं सांगतो, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. कार्पेट क्षेत्र 75 चौरस मीटर, किंमत 60 लाख, जीएसटी वेगळा. बुकिंग ऑगस्ट 2022 मध्ये, ताबा 14 नोव्हेंबर 2024 ला.

1. आधी तुमची कंपनी कोणत्या नियमात बसते ते बघा

"बिल्डर ताब्यालाच विक्री दाखवतात" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण ते सगळ्यांना लागू नाही.

आमची कंपनी लहान असली तरी तिची मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. म्हणून आम्हाला इंड एएस ही लेखा मानकं लागतात, आणि विक्री कधी धरायची ते इंड एएस 115 ठरवतं. हे मानक 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. ते आल्यावर अनेक मोठे बिल्डर, बांधकाम जसं पुढे जाईल तशी विक्री धरायची पद्धत सोडून, ताब्याच्या वेळी विक्री धरू लागले.

तुमची भागीदारी पेढी, एलएलपी किंवा इंड एएसच्या बाहेरची लहान कंपनी असेल, तर तुमच्यासाठी सीएंच्या संस्थेची, आयसीएआयची, 2012 ची सुधारित मार्गदर्शक टिपणी आहे. तिच्यात टक्केवारीची पद्धत आहे, म्हणजे काम जसं पुढे जाईल तशी विक्री धरायची, आणि ती सुरू करायला चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. महत्त्वाच्या मंजुऱ्या मिळालेल्या हव्यात. जमीन सोडून बांधकाम आणि विकासाचा किमान 25 टक्के खर्च झालेला हवा. विक्रीयोग्य क्षेत्रापैकी किमान 25 टक्के क्षेत्राचे करार झालेले हवेत. आणि ज्या करारांची विक्री धरायची, त्या प्रत्येकात किमतीचे किमान 10 टक्के हातात आलेले हवेत. तुम्ही या गटात असाल तर पुढचं सगळं जसंच्या तसं उचलू नका. शेजारच्या ऑफिसातली पद्धत बघून लिहिणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे.

2. बानाखत शेवटच्या पानापर्यंत वाचा

गुजरातेत विक्रीच्या कराराला बानाखत म्हणतात आणि नंतरच्या खरेदीखताला दस्तावेज. अकाउंटंट बानाखतात फक्त किंमत आणि हप्त्यांचं कोष्टक बघतो. विक्री कधी धरायची याचं उत्तर मात्र रद्द करण्याच्या कलमात असतं.

इंड एएस 115 चा प्रश्न साध्या भाषेत असा आहे: घेणाऱ्याने उद्या अर्ध्यात माघार घेतली, तर तोवर झालेल्या कामाचा मोबदला, म्हणजे खर्च आणि त्यावरचा वाजवी नफा, कायद्याने वसूल करण्याचा हक्क बिल्डरकडे आहे का? तो हक्क असेल आणि तो ठरावीक फ्लॅट करारामुळे दुसऱ्या कुणाला देता येत नसेल, तर विक्री बांधकामाबरोबर वर्षागणिक धरावी लागते. हक्क नसेल तर फ्लॅटचा ताबा, म्हणजे त्याच्यावरचं नियंत्रण, घेणाऱ्याकडे जाईल त्या दिवशी सगळी विक्री एकदम धरायची.

आमच्या बानाखतात घेणारा रद्द करू शकतो आणि आम्ही फक्त बुकिंगची रक्कम कापून बाकीचे पैसे परत देतो. सात मजल्यांचा सांगाडा उभा असला तरी त्याच्याकडून सांगाड्याचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे विक्री ताब्याच्या दिवशी.

स्कीममधलं एखादं बानाखत वेगळ्या मसुद्यावर झालेलं असेल तर ते वेगळं तपासा. आमच्याकडे एका एनआरआय घेणाऱ्याच्या वकिलाने कलमं बदलून घेतली होती. ते पान ऑडिटरबाईंनी दोनदा वाचलं, आणि कापायची रक्कमच तेवढी कमी केलेली आहे याची खात्री झाल्यावरच फाइल परत दिली.

3. हप्ता आला की चार खाती

स्थावर मालमत्तेच्या रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून आमचा पहिला हप्ता बरोबर 6 लाखांचा. फ्लॅट 45 लाखांच्या वरचा असल्याने त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 30 हजार. आणि फ्लॅटची एकूण किंमत 50 लाखांच्या वर असल्याने घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापायचा, म्हणजे 6 हजार. हातात चेक आला 6,24,000 चा.

नोंद अशी:

- बँक, नावे 6,24,000
- टीडीएस येणे, नावे 6,000
- ग्राहकांकडून अग्रिम, जमा 6,00,000
- जीएसटी देय, जमा 30,000

यात विक्रीचं खातं कुठेच नाही. अग्रिम हे कंपनीवरचं देणं आहे. पैसे देऊन टाकायचे नसले, तरी त्या बदल्यात फ्लॅट द्यायचा आहे.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा जीएसटीचा. नवे लोक 6,30,000 ची पूर्ण रक्कम अग्रिमात टाकतात. दोन वर्षांनी ताब्याच्या दिवशी अग्रिम 63 लाख दिसतं, विक्री 60 लाखांची, आणि मधले 3 लाख कुठले ते शोधत बसावं लागतं. जीएसटी सरकारचा आहे, तो पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. आणि तो ताब्याची वाट बघत नाही. हप्ता आला की भरायचा.

दुसरा खड्डा टीडीएसचा. घेणाऱ्यांना वाटतं, हप्ता 6 लाखांचा आहे, 50 लाखांचा नाही, मग टीडीएस कशाला? मर्यादा हप्त्याला नसते, फ्लॅटच्या एकूण किमतीला असते. पार्किंग, क्लब वगैरेंचे पैसेही त्यात धरतात. बुकिंगच्याच दिवशी टीडीएसचं चलन, आमच्या वेळी 26QB, कसं भरायचं ते लिहिलेला एक कागद हातात द्या. नंतर दहा कुटुंबांना फोन करून 26QB भरून घेण्यात माझा अख्खा जून गेला होता.

तिसरा खड्डा मागणीपत्रांचा. स्लॅब पडला की आपण सगळ्यांना मागणीपत्र पाठवतो. पण करार रद्द होऊ शकणारा असेल, तर नुसत्या मागणीपत्राने ग्राहकाकडून येणं आणि अग्रिम अशी दोन्हीकडे नोंद करायची नसते. तसं केलं तर 31 मार्चला ताळेबंद दोन्ही बाजूंनी फुगतो. पैसे येतील तेव्हाच अग्रिम लिहा. मागणीची यादी एक्सेलमध्ये वेगळी ठेवा.

आमच्या फ्लॅटचे पैसे असे आले. 2022-23 मध्ये बुकिंग आणि जोत्यापर्यंत मिळून 18 लाख. 2023-24 मध्ये स्लॅबचे 24 लाख. 2024-25 मध्ये प्लास्टर आणि फरशीचे 12 लाख, शेवटी ताब्याचे 6 लाख. मार्च 2024 ला या एका फ्लॅटचं अग्रिम 42 लाख होतं आणि विक्री शून्य.

रेराचं 70 टक्क्यांचं वेगळं बँक खातं अनेक नव्यांना गोंधळात टाकतं. 6 लाखांपैकी 4,20,000 त्या खात्यात जातात आणि कामाच्या प्रमाणात, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यांवर बाहेर निघतात. तिथे टक्केवारी दिसते, म्हणून पुस्तकातही टक्केवारीने विक्री धरायची असं एकाने मला समजावून सांगितलं होतं. दोन्हींचा संबंध नाही. त्या खात्याचा नियम पैसा कुठे खर्च व्हावा यासाठी आहे, विक्री कधी झाली यासाठी नाही.

आणखी एक प्रकार कधी कधी येतो. कुणी म्हणतं, "90 टक्के आत्ताच देतो, 4 लाख कमी करा." ही नुसती सूट नसते. तुम्ही त्याचे पैसे दोन वर्षं वापरता आणि त्याचं व्याज सुटीच्या रूपाने देता. अशा करारात दरवर्षी व्याज खर्चात धरावं लागतं आणि तेवढंच अग्रिम वाढतं, म्हणून शेवटी धरलेली विक्री हातात आलेल्या पैशांपेक्षा जास्त निघते. बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेल्या हप्त्यांत आमच्या ऑडिटरबाईंनी असं व्याज धरायला लावलं नाही, कारण ते हप्ते कामाच्या गतीनुसार घेतलेले होते. पण एकरकमी सुटीचे करार त्यांनी वेगळे काढायला सांगितले. तुम्हीही काढा.

4. खर्चही थांबवून ठेवायचा, पण सगळा नाही

विक्री पुढे ढकलली की त्या फ्लॅटचा खर्चही पुढे ढकलायचा. जमीन, सिमेंट, सळई, मजुरी, आर्किटेक्टची फी, मंजुऱ्यांचे पैसे आणि प्रकल्पाच्या कर्जाचं नियमात बसणारं व्याज, हे सगळं चालू कामाच्या खात्यात साठत जातं. ताळेबंदात ते मालाच्या साठ्यात दिसतं.

दलालाची गोष्ट वेगळी. त्या फ्लॅटवर दलालाला 1 टक्का, म्हणजे 60 हजार दिले. ते पैसे हा करार मिळाला म्हणूनच गेले, करार झाला नसता तर गेले नसते. म्हणून ते मालमत्तेच्या बाजूला वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ताब्याच्या दिवशी खर्चात टाकायचे.

वर्तमानपत्रातली जाहिरात, रस्त्यावरचे फलक, सेल्स ऑफिसातल्या मुलींचे पगार आणि चहा, हे ज्या वर्षीचं त्याच वर्षी खर्चात जातं. इथे दबाव येतो. पहिल्या वर्षी आमच्या नफा-तोटा पत्रकात विक्री शून्य होती आणि अशा खर्चांनी 14 लाखांचा तोटा होता. शेठ म्हणाले, "अरे, जाहिरात पण प्रोजेक्टचीच आहे ना, टाक चालू कामात." ऑडिटरबाई ते ऐकून घेणार नव्हत्या, आणि खरं तर बँकवाल्यांनाही त्या तोट्याचं काही वाटत नाही. ते अग्रिमाचा आकडा आणि बानाखतांची संख्या बघतात.

5. दर 31 मार्चला दोन मेळ घालून ठेवा

पुस्तकात विक्री शून्य असली, तरी जीएसटी खात्याला आणि आयकर खात्याला तुमची उलाढाल दिसत असते. नोटीस येते ती या फरकावरून. म्हणून वर्ष बंद होतानाच दोन कागद तयार करा.

जीएसटीच्या मेळात एक साधा तक्ता पुरतो. वर्षभरातले हप्ते, त्यावर भरलेला कर, अग्रिमाची सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक, आणि पुस्तकातली विक्री. 2022-23 मध्ये या एका फ्लॅटची जीएसटी परताव्यांत 18 लाखांची उलाढाल होती आणि पुस्तकात काहीच नव्हतं. फरकाचं कारण एकच, अग्रिमाची शिल्लक 18 लाख. ते एका ओळीत दाखवता आलं पाहिजे. 2024-25 मध्ये उलटं होतं. पुस्तकात विक्री 60 लाख, जीएसटीत फक्त 18 लाख, आणि फरक सुरुवातीच्या 42 लाखांच्या अग्रिमाचा.

टीडीएसच्या बाबतीत आमच्याकडून चूक झाली होती. आयकर खात्याच्या 26AS पत्रकात घेणाऱ्यांनी कापलेला टीडीएस दिसत होता, वर्ष तोट्याचं होतं, म्हणून विवरणपत्रात तो सगळा मागून परतावा घ्यायचा असं ठरलं. नोटीस आली. त्या वर्षांना लागू असलेला आयकर नियम 37बीए सांगतो की ज्या वर्षी ते उत्पन्न कराला पात्र होईल, त्या वर्षी त्याच्या टीडीएसचा लाभ मिळतो. म्हणजे आमच्या फ्लॅटचे 18,000 आणि 24,000 पुढे ओढत न्यायचे, शेवटच्या वर्षीचे 18,000 त्यात मिळवायचे, आणि 60 हजार 2024-25 च्या विवरणपत्रात एकदम मागायचे. विवरणपत्राच्या टीडीएसच्या कोष्टकात पुढे नेण्याचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर पुढच्या वर्षी मागायला काही उरत नाही.

कर भरण्यासाठी नफा कुठल्या वर्षी धरायचा, हा प्रश्न पुस्तकांपेक्षा वेगळ्या वाटेने जाऊ शकतो आणि त्यावर वादही होतात. ते कराच्या सीएकडे सोपवा, पण तुमचा फ्लॅटनिहाय तक्ता त्यांच्या हातात द्या.

6. ताबा म्हणजे नेमका कुठला दिवस

अडीच वर्षांचा सगळा हिशेब या एका दिवसावर येऊन थांबतो. मानक म्हणतं, नियंत्रण घेणाऱ्याकडे गेलं का ते बघा, आणि त्याच्या खुणा देतं: पैसे मागण्याचा हक्क निर्माण झाला का, कायदेशीर मालकी गेली का, प्रत्यक्ष ताबा दिला का, जोखीम आणि फायदे गेले का, घेणाऱ्याने फ्लॅट स्वीकारला का. सगळ्या खुणा एकाच दिवशी पुऱ्या होतील असं नाही. म्हणून कंपनीने आपलं धोरण लिहून ठेवावं आणि ते दर वर्षी बदलू नये.

आमच्या धोरणात तीन कागद हवेत. महापालिकेची किंवा वुडा या शहर विकास प्राधिकरणाची बीयू, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, पूर्ण पैसे आल्याचा अंतिम हिशेब, आणि घेणाऱ्याच्या सहीचं ताबापत्र. तिन्हींपैकी जो शेवटी येईल त्याची तारीख ही विक्रीची तारीख. काही कंपन्या दस्तावेजाच्या नोंदणीपर्यंत थांबतात. तेही चालतं, पण मग सगळ्या फ्लॅटना तेच लावा.

आता खरी परीक्षा. 2025 मध्ये गुढीपाडवा 30 मार्चला आला, रविवारी, आणि दुसऱ्या दिवशी आर्थिक वर्ष संपत होतं. आमच्या स्कीममध्ये मांजलपूरहून येणारी दोन मराठी कुटुंबं होती, दोघांनाही पाडव्यालाच गृहप्रवेश करायचा होता. बीयू त्याआधीच आलेली होती.

पहिल्या कुटुंबाचे काका शिस्तीचे. शेवटचा हप्ता फेब्रुवारीतच भरलेला. शनिवारी 29 तारखेला त्यांनी फ्लॅट बघून ताबापत्रावर सही केली, किल्ल्या घेतल्या आणि पाडव्याला बाल्कनीत गुढी उभारली. दस्तावेज मात्र एप्रिलमध्ये झाला. ही विक्री आम्ही 2024-25 मध्ये धरली. पैसे, बीयू, सही आणि ताबा, सगळं 31 मार्चच्या आत झालं होतं. राहिली ती फक्त नोंदणी. तीही घेणारा हवी तेव्हा करून घेऊ शकत होता.

दुसऱ्या कुटुंबाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता बँकेकडून यायचा होता. काकू ऑफिसात येऊन म्हणाल्या, "पाडव्याचा मुहूर्त सोडायचा नाही हो, पूजा करून किल्ली संध्याकाळी परत देते." शेठनी होकार दिला. त्यांची गुढी उभारली, पूजा झाली, आणि संध्याकाळी किल्ली खरोखर परत आली. बँकेचे पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले, मग ताबापत्र झालं. ही विक्री 2025-26 ची.

सेल्सच्या मुलाने 30 मार्चचा त्यांचा फोटो दाखवून ती विक्रीही जुन्या वर्षात घ्यायचा आग्रह धरला होता, त्याचा बोनस अडला होता. फोटोत दोघांच्याही गुढ्या सारख्याच सुंदर होत्या. पण किल्ली संध्याकाळी परत आली, म्हणजे त्या दिवशी फ्लॅट आमच्याच हातात होता. ऑडिटर असा फरक किल्ल्यांच्या रजिस्टरवरून पकडतात. म्हणून ते रजिस्टर नीट ठेवा, किल्ली दिली आणि परत आली अशा दोन्ही वेळा लिहा.

बीयूच्या आधी फर्निचर करायला किल्ली मागणारेही असतात. पैसे पूर्ण भरले असले तरी बीयू नसताना तो ताबा समजू नका. आणि बीयूनंतर ताबा घ्यायलाच न येणारे लोक असतात. रेराच्या कलम 19 मध्ये घेणाऱ्याने दोन महिन्यांत ताबा घ्यावा असं आहे. अशांना नोंदणीकृत टपालाने ताबा देऊ केल्याचं पत्र पाठवा आणि ते फाइलला लावा. पैसे पूर्ण आलेले असतील तर विक्री कुठल्या तारखेला धरायची, याचं उत्तर त्या पत्रावर आणि तुमच्या लिखित धोरणावर ठरतं.

प्रत्येक फ्लॅटच्या फाइलमध्ये म्हणून हे हवं:

- बुकिंग फॉर्म आणि नोंदणीकृत बानाखत, रद्द करण्याच्या कलमावर खूण करून
- मागणीपत्रं, पावत्या आणि जीएसटी बिलं
- टीडीएस चलनाच्या पावत्या
- बीयूची प्रत
- अंतिम हिशेब, सही केलेलं ताबापत्र, किल्लीच्या रजिस्टरचं पान
- दस्तावेजाची प्रत, झाल्यावर

7. ताब्याच्या दिवसाची नोंद

आपला फ्लॅट 14 नोव्हेंबर 2024 ला गेला. बीयू त्याआधी आलेली, शेवटचे 6 लाख त्या सकाळी आले. अग्रिम 60 लाख झालं, आणि तेवढंच विक्रीत गेलं:

- ग्राहकांकडून अग्रिम, नावे 60,00,000
- फ्लॅट विक्री, जमा 60,00,000

खर्चाला जरा थांबा. स्कीमवर तोवर 8 कोटी 10 लाख खर्च झाले होते. एकूण क्षेत्र 1,500 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 54,000, आणि 75 चौरस मीटरला 40,50,000. मी हाच आकडा धरणार होतो. पण बाग, आतला रस्ता आणि कंपाउंडची एक भिंत बाकी होती, इंजिनिअरचा अंदाज 30 लाखांचा. ती कामं ताबा मिळालेल्या माणसालाही द्यायची आहेत. म्हणून पूर्ण खर्च 8 कोटी 40 लाख धरून दर 56,000 येतो आणि या फ्लॅटचा खर्च 42,00,000 होतो:

- विकलेल्या फ्लॅटचा खर्च, नावे 42,00,000
- चालू काम, जमा 40,50,000
- उरलेल्या कामाची तरतूद, जमा 1,50,000
- दलाली खर्च, नावे 60,000
- दलालीची मालमत्ता, जमा 60,000

नफा 17,40,000. तरतूद विसरलो असतो तर एका फ्लॅटमागे दीड लाखाचा खोटा नफा दिसला असता. डिसेंबरपर्यंत 12 फ्लॅटचे ताबे झाले होते, म्हणजे 18 लाखांचा. तो नफा दाखवून शेठनी भागीदारांशी बोलणी केली असती आणि भिंत बांधायच्या वेळी तो परत गेला असता.

पुढे भिंतीचा पाया कच्चा निघाला आणि उरलेल्या कामाचा अंदाज 30 चा 36 लाख झाला. तेव्हा मार्चअखेर 13 फ्लॅट गेलेले होते. वाढलेल्या 6 लाखांतला त्यांचा वाटा, 3 लाख 90 हजार, त्याच वर्षी खर्चात घेतला. न गेलेल्या सात फ्लॅटचा वाटा त्यांच्या ताब्यापर्यंत थांबला. अंदाज बदलला म्हणून नोव्हेंबरच्या नोंदी उघडू नका.

8. रद्द झालेले आणि न विकलेले फ्लॅट

कुणी बुकिंग रद्द केलं तर अग्रिम उलटवा. परत द्यायची रक्कम देण्यात दाखवा, कापलेली रक्कम इतर उत्पन्नात घ्या, आणि दलाली परत मिळणार नसेल तर ती त्याच दिवशी खर्चात टाका. जीएसटीसाठी क्रेडिट नोट काढायला मुदत असते, ज्या वर्षीचं बिल त्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत. घेणारा रद्द करायचा विचार करतोय अशी कुणकुण लागली की सेल्सने अकाउंट्सला कळवावं, हे आम्ही एक मुदत चुकल्यावर शिकलो.

आमचे तीन फ्लॅट बीयू येईपर्यंत विकलेच गेले नव्हते. त्यांचे सगळे पैसे बीयूनंतरच घेतले, म्हणून त्यांवर जीएसटी नाही. पण बीयूच्या आदल्या दिवशी कुणाकडून 11 हजारांचं टोकन घेतलं असेल, तर त्या फ्लॅटच्या पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो. म्हणून बीयूचा अर्ज दिल्यावर टोकन घेणं मी बंद करायला लावलं, आणि सेल्सचा तो मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.